फैजपूरहून वैशालीताईंना

नमस्कार वैशालीताई,

फैजपूरहून सुनंदा लिहितेय, मसाले-बिबड्यांवाली. अखाजीच्या आधी तुमची ऑर्डर आली होती, त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही. घरी सगळे कसे आहेत, तुम्ही कशा आहात, एवढंच विचारायचं होतं. ऑर्डर मागायला हा मेसेज नाही, हे आधीच सांगते, म्हणजे वाचताना तुमच्या मनावर ओझं नको.

घेणं थांबायला कारणं कितीतरी असतात. कुणाला डॉक्टरांनी तिखट बंद करायला सांगितलेलं असतं. पोरं शिकायला बाहेर गेली की घरात उरलेल्या दोघांना किलोभर मसाला सरता सरत नाही. कुणाला जवळच कुणीतरी चांगलं करून देणारं भेटतं. पुण्यात खान्देशी पदार्थ करणाऱ्या बायका आता बऱ्याच आहेत. त्यांच्याकडून ताजं मिळत असेल तर तेच घ्यावं, कुरिअरचा खर्चही वाचतो. तुमचं कारण यातलं असो की वेगळं, ते मला सांगितलंच पाहिजे असं अजिबात नाही.

चवीत काही कमी-जास्त वाटलं असेल, तर ते मात्र जरूर सांगा. मागे तुम्ही मसाल्यात दगडफूल जरा पुढे येतंय म्हणाला होतात. तेव्हापासून ते थोडं हात राखून घालते, आणि बाकीच्या गिऱ्हाइकांनाही तोच मसाला जास्त आवडला. तुमच्या जिभेवर माझा विश्वास आहे.

हिशेबाचं सांगते. तुमच्याकडून काही येणं नाही. उलट तुमचेच १४० रुपये माझ्याकडे आहेत. बिनलसणाच्या बिबड्या तुम्ही किलोभर सांगितल्या होत्या, पैसेही तेवढेच टाकले होते, पण त्या कमी भरल्या. तेव्हा तुम्ही म्हणालात, राहू द्या, पुढच्या वेळी वळते करू. पुढच्या वेळेची वाट बघायची गरज नाही. जीपेचा नंबर तोच आहे ना, एवढं कळवा, लगेच टाकते. तुमचे पैसे माझ्याकडे अडकलेत म्हणून तुम्हाला काही घ्यावं लागू नये.

तेव्हा नेलेला काळा मसाला अजून उरला असेल तर एकदा वास घेऊन बघा. त्यात खोबरं आहे, आणि पावसाळा उलटून गेलाय. खवट वास आला तर जीव तुटला तरी टाकून द्या, भाजीत घालू नका. वास ठीक असेल तर काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, आणि चमचा कोरडाच घाला. बिबड्या हवेनं नरम पडल्या असतील तर दुपारचं कडक ऊन दाखवा आणि मग तळा.

इकडे आता थंडी पडलीय. बामणोदची भरताची वांगी बाजारात आलीत, शेतांवर कपाशीच्या काड्यांची भट्टी लागतेय. गॅसवर भरीत नीट जमत नाही असं तुम्ही एकदा म्हणाला होतात, म्हणून लिहिते. वांग्याला तेलाचा हात फिरवा, सुरीनं चार ठिकाणी टोचा आणि मंद आचेवर फिरवत भाजा, देठाजवळचा भागही मऊ पडला पाहिजे. हिरव्या मिरच्या आणि लसूण तिथेच भाजून वांग्याबरोबर ठेचून घ्या. मग तेलात आधी शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप तळा, कांद्याची पात टाका आणि त्यावर भरीत परता. सोबत कळण्याची भाकरी हवीच. कळण्याचं पीठ माझ्याकडूनच मागवायला हवं असं नाही. मी किलोभर ज्वारीला पाव किलो सालाचे उडीद आणि चवीपुरतं मीठ घालते, तुमच्याकडचा गिरणीवालाही दळून देईल. फक्त आधी त्याच्याकडे गहू दळून झालेला नसावा, नाहीतर भाकरीला वेगळाच चिवटपणा येतो.

महिन्याच्या सुरुवातीला मी जी यादी पाठवते ती तुम्हालाही जाते. नको असेल तर ‘यादी नको’ एवढे दोन शब्द लिहा, नाव काढते. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पुढे कधी थोडंच लागलं तर पाव किलोची पाकिटंही आता करते, हे फक्त माहितीसाठी.

उत्तर द्यायला सवड नसेल तरी चालेल, मी परत परत विचारणार नाही. जीपेच्या नंबरचं तेवढं बघा.

आपली,
सुनंदा
फैजपूर