परवान्याच्या अटींत राहून संशोधन लेख मोठ्या संख्येने उतरवून घेण्याबाबत अर्ज

दारव्हा, जि. यवतमाळ
दि. 8 डिसेंबर 2025

प्रति,
मा. ग्रंथपाल,
महाविद्यालयीन ग्रंथालय

विषय : लघुप्रबंधासाठी 138 संशोधन लेख टप्प्याटप्प्याने उतरवून घेण्यास लेखी संमती मिळणेबाबत.

महोदया,

मी एम.एस्सी. द्वितीय वर्ष, प्राणिशास्त्र विभागाची विद्यार्थिनी असून ‘कपाशीची फरदड आणि गुलाबी बोंडअळीचा पुढील हंगामातील प्रादुर्भाव’ हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे. 2017 च्या हंगामात या अळीने आपल्या जिल्ह्यातील कपाशीचे जे हाल केले, ते मी घरच्याच वावरात पाहिले आहेत. बाहेरून टपोरे दिसणारे बोंड आई फोडायची आणि आत सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडून चिकटलेला निघायचा. त्यामुळे या विषयावरचे वाचन अर्धवट सोडण्याची माझी तयारी नाही. आणि वाचायचे लेख बरेच असल्याने आधी आपली परवानगी घ्यावी, असे मला वाटते.

आधी एक गोष्ट कबूल करते. गेल्या ऑगस्टमध्ये ग्रंथालयातील खिडकीजवळच्या संगणकावर मी एका प्रकाशकाच्या नियतकालिकाचा पूर्ण अंक उघडून, ब्राउझरमध्ये बसवलेल्या एका साधनाने त्यातील सर्व पीडीएफ एकदम उतरवायला लावल्या होत्या. शेवटची बस सव्वापाचची असल्याने मला घाई होती. चाळिसेक फायली आल्यानंतर पडद्यावर ‘असामान्य वापर आढळल्याने प्रवेश थांबवला आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला आणि त्यानंतर चार दिवस त्या प्रकाशकाचे लेख आपल्या जोडणीवरून कोणालाच उघडता आले नाहीत. आपण पत्रव्यवहार करून ते पूर्ववत केलेत, परंतु त्या चार दिवसांत रसायनशास्त्राच्या मुलींचे चर्चासत्राचे काम अडले होते. तो दोष माझा होता आणि आपण विचारण्याआधीच मी तो सांगायला हवा होता. लेख मला वाचायला मिळतो म्हणजे तो हवा तितका आणि हवा तसा साठवण्याचा हक्कही मिळतो, असा माझा तेव्हा समज होता. परवाना महाविद्यालयाच्या नावावर असतो आणि एकाने अट मोडली की सर्वांचा प्रवेश जातो, हे मला त्यानंतर कळले.

एन-लिस्टच्या वापराच्या अटी मी आता पूर्ण वाचल्या आहेत. त्यांत पद्धतशीरपणे, म्हणजे अंकच्या अंक किंवा यंत्राच्या साहाय्याने, लेख उतरवण्यास मनाई आहे आणि आपले वापरनाव व संकेतशब्द दुसऱ्याला देण्यासही मनाई आहे. कॉपीराइट अधिनियम 1957 च्या कलम 52 मध्ये संशोधनासह खाजगी वापरासाठी रास्त व्यवहाराची मुभा असली, तरी तिच्या आधारे महाविद्यालयाने मान्य केलेल्या करारातील अटी मला बाजूला ठेवता येणार नाहीत, असे मी समजते.

यादी करताना मी लेख न उतरवता केवळ त्यांची माहिती घेतली. क्रॉसरेफ ही सेवा लेखाचे शीर्षक, डीओआय आणि प्रकाशकाने नोंदवला असल्यास परवान्याचा दुवा कोणालाही विनाशुल्क देते, आणि तिला पुढीलप्रमाणे विचारता येते :

```
https://api.crossref.org/works?query.bibliographic=Pectinophora+gossypiella&filter=type:journal-article&select=DOI,title,license&rows=100
```

अशा वेगवेगळ्या शोधांतून, दुबार नोंदी वगळता, 412 लेख हाती आले. त्यांचे सारांश वाचून मी 138 निवडले. पैकी 51 लेखांवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा CC BY परवाना नोंदलेला आहे. उरलेले 87 सदस्यत्वाखेरीज वाचता येत नाहीत.

51 मुक्त लेखांबाबत परवान्याची अडचण नाही, कारण श्रेय देऊन त्यांच्या प्रती करण्याची आणि त्या इतरांना देण्याची मुभा त्या परवान्यातच आहे. तरीही परवाना मोकळा असला म्हणून संकेतस्थळावर यंत्राने भडिमार करावा असे होत नाही. उदाहरणार्थ, पबमेड सेंट्रलची नेहमीची पाने यंत्राने उतरवण्यास मनाई आहे आणि मुक्त लेखांच्या संचासाठी त्यांनी वेगळी सोय ठेवली आहे. त्यामुळे जिथे अशी सोय आहे तिथे मी तीच वापरेन आणि बाकीचे लेख हाताने घेईन.

खरा प्रश्न 87 लेखांचा आहे. माझ्या गावात मोबाइलचे नेटवर्क संध्याकाळनंतर जवळजवळ नसतेच, म्हणून लेख ग्रंथालयात उतरवून रात्री घरी वाचण्याशिवाय मला दुसरा मार्ग नाही. त्यासाठी रोज जास्तीत जास्त सहा लेख, ग्रंथालयातच बसून, माझ्याच खात्यावरून, प्रत्येक लेखाचे पान स्वतः उघडून, एकेक करून उतरवावेत असे मी ठरवले आहे. एका अंकातील दोनपेक्षा जास्त लेख घेणार नाही. या गतीने कामाचे पंधरा दिवस लागतील. संदर्भ जुळवण्याचे सॉफ्टवेअर यादीवरून आपोआप पीडीएफ ओढून आणू शकते. ती सोय मी बंद केली आहे, कारण आपल्या दृष्टीने ते संदर्भ जुळवणे असले तरी प्रकाशकाच्या यंत्रणेला ते ऑगस्टमधल्या माझ्या प्रकारासारखेच दिसेल. सहा हा आकडा माझा आहे. अटींत मला कुठेही आकडा दिसला नाही, त्यामुळे आपल्या अनुभवावरून तो जास्त वाटल्यास कृपया कमी करावा.

दोन बाबतींत मला आपले मार्गदर्शन हवे आहे. पहिली म्हणजे, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर मैत्रिणी ‘तुझ्याकडचे पेपर टाक ना’ म्हणतात. त्यांना मी सदस्यत्वातील फाइल न देता केवळ डीओआय देईन, म्हणजे त्या स्वतःच्या खात्यावरून लेख उघडतील. परंतु माझ्या मार्गदर्शक मॅडमना, ज्या आपल्याच महाविद्यालयाच्या सदस्य आहेत, खुणा केलेली प्रत दाखवता येईल का, हे मला अटींवरून नीट उलगडले नाही.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. फरदड, पऱ्हाटीचे अवशेष, कामगंध सापळे हे मुद्दे किती लेखांत एकत्र येतात, हे संगणकाकडून मोजून घ्यावे असे विभागात सुचवण्यात आले आहे. लेख वाचणे आणि त्यांचा मजकूर यंत्राला मोजायला देणे यांत परवान्याच्या दृष्टीने फरक असतो, आणि काही प्रकाशक मोजणीसाठी वेगळी अनुमती व वेगळी कळ देतात. आपल्या सदस्यत्वात ही मुभा आहे किंवा नाही, हे आपण संबंधितांकडे विचारून कळवल्यास फार मदत होईल. तोपर्यंत ही मोजणी मी केवळ CC BY असलेल्या 51 लेखांवरच करेन आणि प्रबंधातही तसे स्पष्ट लिहीन.

सदस्यत्वातील लेख माझ्या एकाच पेन ड्राइव्हवर राहतील आणि महाविद्यालय सोडताना ते ठेवता येतात की काढून टाकायचे, याबाबत आपण सांगाल तसे मी करेन. रोज उतरवलेल्या लेखांचे डीओआय तारीख-वेळेसह वहीत लिहून ती वही दर शनिवारी आपल्या टेबलावर ठेवीन, म्हणजे प्रकाशकाकडून विचारणा झाल्यास आपल्याला उत्तर शोधत बसावे लागणार नाही. मध्येच इशारा दिसला, तर मी लगेच थांबून त्याच दिवशी आपल्याला कळवीन.

आपली लेखी संमती मिळेपर्यंत 87 पैकी एकही लेख मी उतरवणार नाही. लघुप्रबंधाचा पहिला मसुदा 20 जानेवारीला द्यायचा असल्याने, शक्य झाल्यास याच आठवड्यात निर्णय कळवावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
विद्यार्थिनी, एम.एस्सी. द्वितीय वर्ष (प्राणिशास्त्र)
हजेरी क्रमांक 14

सोबत : 138 लेखांची यादी, डीओआय व परवान्याच्या नोंदीसह.