सरकती दारां
४० वर्षं रंधा धरलेल्या आबा सुतारांच्या हाताला माऊस काही वळेना. मुलीचा जुना लॅपटॉप, त्यात SketchUp Make 2017, वस्तूंचे 3D आराखडे काढायचं सॉफ्टवेअर. मालवणात पाऊस कोसळत होता, बॅटरी मेलेली. लाइट गेली की काम पुसलं जाई.

तिसऱ्यांदा त्यांनी R दाबून आयत ओढला, मिलिमीटरात `1500,600` टाकून एंटर दाबला. मग P, वर ओढून `2100`. पडद्यावर कपाट उभं राहिलं. त्यांनी आधी Ctrl+S दाबलं, मग श्वास सोडला.

"बाबा, दार एकदाच काढा. G दाबून कंपोनंट करा. एक बदललं की त्याची जोडी आपोआप बदलते."

कपाट काकींच्या खोलीसाठी होतं. माप घेतलं होतं, तसा काकींचा पलंगही त्यांनी काढला. दार फिरवलं आणि हात थांबला. दार पलंगाच्या कडेला अडत होतं, चार बोटं. प्लाय कापल्यावर कळलं असतं तर?

सकाळी काकींनी चष्मा लावला. "ही माझीच खोली मां?"

"होय. दार पलंगाक लागता, बघा. सरकती दारां करूया?"

काकी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. "आणि माझ्या पैठणीक खण खंय?"

आबांनी माऊस पुढे ओढला.