मेडिकल वॉर्डातील एसबीएआर हँडओव्हर: सरावासाठी दोन संवाद

एसबीएआर म्हणजे सद्यस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि शिफारस या क्रमाने रुग्णाची माहिती सांगण्याची पद्धत. रुग्ण काल्पनिक आहे: नरसय्या, वय ६२, बेड क्रमांक १२, यंत्रमाग कामगार, घरची भाषा तेलुगू. सोलापुरात ही शेवटची नोंद महत्त्वाची ठरते, कारण मराठीत उत्तर न देणारा रुग्ण गोंधळलेला आहे की त्याला प्रश्नच समजलेला नाही, हे त्याच्या माणसांना विचारल्याशिवाय ठरवता येत नाही. फोन करण्यापूर्वी केसपेपर आणि टीपीआर चार्ट हातात घ्यावा.

पहिला संवाद: सायंकाळी ६.१०, फोनवर

सिस्टर: सर, मी पुरुष मेडिकल वॉर्डातून स्टाफ नर्स बोलते आहे. बेड १२ वरील नरसय्या यांचा रक्तदाब ९२/५८ वर आला असून श्वासाची गती मिनिटाला २८ आहे.

ते काल न्यूमोनियासाठी दाखल झाले. त्यांना मधुमेह आहे, सेफ्ट्रियाक्झोन सुरू आहे आणि कोणत्याही औषधाची ॲलर्जी नोंदलेली नाही.

नाडी ११८, ताप १०२.४ आहे. ऑक्सिजन ८८ टक्के होता, मास्कने ५ लिटर दिल्यावर ९३ झाला. शुगर २६८ आहे. कॅथेटरमधून चार तासांत फक्त ४० मिली लघवी झाली आहे. सकाळी ते सुनेशी नीट बोलत होते, पण आता तेलुगूत विचारले तरी तिला ओळखत नाहीत, असे ती सांगते. मला सेप्सिसची शंका वाटते.

आपण दहा मिनिटांत येऊन पाहावे, अशी माझी विनंती आहे. तोवर ब्लड कल्चर घेऊन सलाईन सुरू करू का?

डॉक्टर: मी निघालो. दोन्ही हातांतून कल्चर घ्या, लॅक्टेट पाठवा आणि रिंगर लॅक्टेट ५०० मिली पंधरा मिनिटांत द्या.

सिस्टर: दोन्ही हातांतून कल्चर, लॅक्टेट, रिंगर लॅक्टेट ५०० मिली पंधरा मिनिटांत. बरोबर?

डॉक्टर: बरोबर. आयसीयूला बेडबद्दल कळवून ठेवा.

सिस्टर: आयसीयूला लगेच कळवते.

येथे थांबून विद्यार्थ्यांनी ‘मला सेप्सिसची शंका वाटते’ हे वाक्य पुन्हा स्पष्ट आवाजात म्हणावे. निदान करणे आपले काम नाही, या संकोचाने नेमके हेच वाक्य गाळले जाते, आणि मग ऐकणाऱ्याला आकडे मिळतात पण निकड कळत नाही.

दुसरा संवाद: रात्री ८ वाजता, बेडजवळ

संध्याकाळची सिस्टर: नरसय्या यांना सेप्सिसची शंका असून आयसीयूत बेडची वाट पाहतो आहोत. सलाईननंतर रक्तदाब १०४/६४ झाला, मात्र गोंधळ कायम आहे. कल्चर गेले आहे, लॅक्टेटचा रिपोर्ट यायचा आहे. दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब व श्वास मोजा आणि वरचा रक्तदाब १०० खाली गेल्यास लगेच फोन करा.

रात्रीची सिस्टर: रिपोर्टसाठी लॅबला कोणी विचारायचे?

संध्याकाळची सिस्टर: मी साडेसातला विचारले होते. साडेआठला तुम्ही विचारा, मी तसे केसपेपरवर लिहिते.