तुमच्या आधारचे फोटो आमच्याकडून बाहेर गेलेत, आता काय करायचं ते वाचा

नमस्कार मंडळी,

मालवण, तारकर्ली, देवबाग, गुहागर इथला होमस्टे आमच्याकडून बुक केलेल्या सगळ्यांसाठी हा मेसेज आहे, लांब आहे पण पूर्ण वाचा प्लीज.

चेक-इनच्या आधी तुम्ही आधारचे फोटो पाठवता ते आम्ही क्लाउडवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवत होतो, आणि 12 ऑक्टोबर ते 4 नोव्हेंबर तो फोल्डर लिंक असलेल्या कोणालाही उघडता येत होता. सेटिंग आमच्याच माणसांकडून चुकलं, कोणी मोठा हॅकर वगैरे आला नव्हता. बाहेरच्या कोणीतरी फाइल्स डाउनलोड केल्याचं रेकॉर्डमध्ये स्पष्ट दिसतंय, म्हणून "गेला असू शकतो" असं आम्ही म्हणणार नाही, 1,140 जणांचा डेटा गेलाय. त्यात नाव, मोबाइल नंबर, राहायच्या तारखा, आणि आधारच्या फोटोवरचा पत्ता, जन्मतारीख, नंबर सगळं आहे. कार्ड नंबर किंवा यूपीआय पिन आम्ही ठेवतच नाही, त्यामुळे ते गेलेले नाहीत.

आधार नंबर पासवर्डसारखा बदलता येत नाही, हे सगळ्यात वाईट. म्हणून आजच mAadhaar अ‍ॅप किंवा myaadhaar.uidai.gov.in वर जाऊन बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे तुमच्या बोटाच्या ठशावर कोणाला काही करता येणार नाही, आणि तिथेच आधार कुठे कुठे वापरलं गेलंय त्याची हिस्ट्री पण बघा. मग sancharsaathi.gov.in वर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते तपासा, अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच रिपोर्ट करा. आईबाबांचं आधार तुम्ही पाठवलं असेल तर त्यांचंही हे सगळं तुम्हीच बसून करून द्या, त्यांच्यावर सोडू नका.

आता फोन येतील. तुमचं नाव, होमस्टे, तारीख बरोब्बर सांगतील आणि म्हणतील बुकिंग कॅन्सल झालंय, रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फोन ठेवा आणि बुकिंगच्या जुन्या मेसेजमध्ये आमचा जो नंबर आहे त्यावरच कॉल करा. पैसे गेलेच तर आम्हाला सांगायच्या आधी लगेच सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन 1930 लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त, मग बँकेला कळवा.

ज्यांचं पुढचं बुकिंग आहे त्यांच्या तारखाही बाहेर गेल्यात, म्हणजे घर कधी बंद असेल ते कळू शकतं, तर शेजाऱ्यांना सांगून निघा. तारीख बदलायची किंवा रद्द करायची असेल तर सगळे पैसे परत मिळतील, काही कापणार नाही.

फोल्डर 4 तारखेलाच बंद केला, सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवलंय. जुने आधारचे फोटो आम्ही आता काढून टाकतोय. यापुढे मास्क्ड आधारच पाठवा, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात, आणि चेक-आउट झालं की तोही डिलीट करू.

आम्हाला मनापासून वाईट वाटतंय. तुमचा फोटो त्यात होता का हे विचारायला सकाळी 8 ते रात्री 10 कधीही कॉल करा, मालवणच्या ऑफिसात माणूस बसलेला असेल.