परतीचा ट्रक

इंजिनिअरिंगच्या गणिताचा, एम-थ्रीचा पेपर परवावर आला होता आणि ओंकार पहिल्याच युनिटवर अडकला होता. हा विषय त्याचा आधीच एकदा बॅक राहिलेला. व्हिडिओ बघून बघून डोळे लाल झाले होते.

"दत्ता, तुझी वही दे ना. फक्त लाप्लासपुरती."

"उद्या झेरॉक्स काढून देतो," म्हणत दत्तानं टाळलं. हा काही चिक्कूपणा नव्हता. दहावीपर्यंत तो बीडकडच्या आपल्या गावात सगळं मराठीतून शिकलेला, आणि इथं संभाजीनगरात सर पहिल्या तासापासून इंग्रजीत सुसाट. घरात कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नाही, मग विचारायचं कुणाला? जे कळेल ते तो घरच्या बोलीत वहीच्या समासात लिहून ठेवायचा. ते कुणी वाचू नये असं त्याला वाटे.

अकराच्या सुमारास ओंकारनं पुस्तक मिटलं आणि भिंतीकडं तोंड करून पडला. झोपला नव्हता, ते कळत होतं. दत्तानं वही त्याच्या उशाशी ठेवली.

"हसू नको."

ओंकार हसलाच. "'ट्रान्सफॉर्म म्हंजे अवघड काम दुसऱ्या मुलखात नेऊन करायचं, आपण ऊस तोडायला जातो तसं.' आणि हे? 'इन्व्हर्स म्हंजे परतीचा ट्रक'?"

"म्हटलं ना, हसू नको."

"अरे, तीन आठवडे सर हेच सांगत होते होय!"

तो उठून बसला. पेनाचा आवाज ऐकत दत्ताला कधीतरी झोप लागली.

चारला ओंकारनं त्याला हलवलं. "शेवटच्या पानावरचा हिशोब कुणाचा?"

दत्ता चपापला. मुकादम सांगेल तो आकडा अण्णा दर पंधरवड्याला फोनवर कळवायचे, तो उतरवून घ्यायचा. उचल फिटायला किती राहिली, एवढंच त्यात बघायचं असे.

"२७ टन, ३६६ चा दर. ९,८८२ होतात. इथं ९,२८२ आहेत." ओंकार किराणा दुकानाच्या गल्ल्यावर वाढलेला. "त्याआधीचे २९ टन. तिथं ४०० कमी."

दत्तानं पेन घेऊन दोनदा गुणाकार केला. रात्र रात्र समीकरणं सोडवणाऱ्या त्यानं हे दोन आकडे कधी गुणलेच नव्हते.

फडावर एव्हाना जाग असणार. त्यानं फोन लावला. ओंकारनं वही उघडी धरली.

"एवढ्या पहाटंचं? पेपर बुडाला का काय रं?"

"नाही अण्णा. मुकादमाच्या चिठ्ठ्या हायेत का जवळ? पहिलीपास्नं टन वाचा बरं. सावकाश."