तेचि दासा आणि दासी

१५ नोव्हेंबर, रविवार

आजचे चरण

दया करणें जें पुत्रासी ।
तेचि दासा आणि दासी ॥
— संत तुकाराम

चिंतन

‘जे का रंजले गांजले’ असं कोणी नुसतं सुरू केलं, की ‘त्यासी म्हणे जो आपुले’ आपल्या तोंडून आपोआप निघतं. हा अभंग भाषणांत ऐकलेला, भिंतींवर वाचलेला, लहानपणी पाठ केलेला. पण आपलं पाठांतर बहुतेक वेळा ‘देव तेथेंचि जाणावा’पाशी संपतं. आजचं चरण त्याच अभंगातलं आहे, शेवटून दुसरं, आणि तिथपर्यंत पोचणारे कमीच.

पोचत नाही तेच सोयीचं असावं. रंजले-गांजले लोक कुठेतरी लांब असतात. त्यांच्यासाठी वर्गणी देता येते, जुने कपडे काढून ठेवता येतात. दास आणि दासी मात्र घरातच असतात. त्यांच्याकडे आपल्या दाराची किल्ली असते. आपण सकाळी कोणत्या सुरात बोलतो, हे शेजाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

आता ‘दास’ हा शब्द कोणी वापरत नाही, वापरूही नये. पण शब्द गेला म्हणून माणसं गेली नाहीत. धुणी-भांडी करणाऱ्या मावशी, आजोबांना अंघोळ घालायला येणारा मुलगा, जिना झाडणारे काका, रात्री गेटवर बसणारे वॉचमन, ऑफिसात टेबलं पुसणारी बाई. गंमत बघा, यातल्या निम्म्यांना आपण नात्यानेच हाक मारतो. आमच्याकडच्या मावशी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत. तरी त्या ‘मावशी’ आणि मी ‘वहिनी’. नातं हाकेपुरतं. त्यांचा कप मात्र कित्येक वर्षं ओट्याच्या कडेला वेगळा पालथा असायचा. तो तिथे कोणी ठेवला, कधी ठेवला, कोणालाच आठवत नाही. अशा गोष्टी कोणी ठरवत नाही, त्या चालत राहतात.

एक प्रसंग सांगते. लिहिताना अजूनही थोडी लाज वाटते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलाच्या हातून काचेची मोठी बरणी फुटली. आवाज ऐकून मी आतून धावत आले आणि ओरडले, “हलू नकोस! लागलं का रे?” त्याच्या पायाभोवती काचाच काचा होत्या. मी चप्पल घालून गेले, त्याला उचलून बाजूला केलं, तळवे उलटेसुलटे करून पाहिले. बरणी कोणती होती ते संध्याकाळी, केर भरताना कळलं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी स्वयंपाकघरातून तसाच आवाज आला. मी बाहेरच्या खोलीतून विचारलं, “काय फुटलं?”

आतून क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग मावशींचा आवाज आला, “छोटा बाउल, वहिनी. मला काही लागलं नाही.”

मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी देऊन टाकलं होतं.

मी उठून आत गेले. त्या उकिडव्या बसून ओल्या फडक्याने बारीक काचा टिपत होत्या, पाय अनवाणी. मी रागावले नव्हते. “असू दे, होतं असं,” असंही म्हणाले. मला कोणी त्या वेळी विचारलं असतं, तर मी चांगलीच वागले असंच सांगितलं असतं. फरक होता तो पहिल्या प्रश्नात. एकदा तोंडून आधी माणूस निघाला, एकदा आधी वस्तू. विचार करायला सवड मिळाली की सगळेच सज्जन होतात. सवड मिळायच्या आधी जे तोंडून जातं, तिथे हे चरण बोट ठेवतं.

आता ‘दया’ हा शब्द पाहू. आपण स्वतःच्या मुलावर दया करतो का? असं कोणी म्हणत नाही. मुलावर माया करतात, जीव लावतात. दया करायची ती परक्यावर, आणि तीही जरा वरच्या पायरीवर उभं राहून. तुकोबांनी नेमका हा शब्द आधी मुलापाशी नेऊन ठेवला आहे. मला वाटतं, सगळी खुबी तिथे आहे. मुलासाठी जे करतो त्याला दया म्हटलं, की त्या शब्दाची पायरीच मोडते. तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसताना कोणी उपकार मोजत नाही. मुलाने एकच चूक तिसऱ्यांदा केली, तरी चौथ्यांदा त्याच्या हातात तीच वस्तू देतो. त्याचा चेहरा उतरलेला दिसला की ‘काय झालं?’ विचारतो, आणि ‘काही नाही’ म्हणाला तर पुन्हा विचारतो. हीच दया, असं तुकोबा म्हणतात. आणि हीच तिकडेही.

‘तेचि’ मधला तो ‘चि’ फार कडक आहे. ‘तशी’ नाही, ‘थोडीफार’ नाही, ‘जमेल तेवढी’ तर नाहीच. आपण काय म्हणतो? “मावशी आमच्या अगदी घरच्यासारख्या आहेत.” या ‘सारख्या’त केवढी तरी जागा सोडलेली असते! घरच्यासारख्या म्हणून सणाच्या दिवशीही त्यांनी यायचं. घरच्यासारख्या म्हणून महिन्याचे पैसे चार दिवस उशिरा दिले तरी चालायचं. खरं तर ठरलेला पगार वेळेवर देणं, आठवड्याची सुट्टी देणं, आजारपणाचे पैसे न कापणं यात दया कसलीच नाही, तो हिशेब आहे. तो आधी चुकता करायचा. दयेची गोष्ट त्याच्या पुढे सुरू होते. हिशेब थकवून माया दाखवणाऱ्यांबद्दल मला स्वतःला फारसा आदर वाटत नाही.

आणखी एक लहानशी गोष्ट. चरण मोठ्याने म्हणून पाहा. पुत्रासी, दासी. यमक जुळतं ते याच दोन शब्दांचं. एक ओळ मुलापाशी थांबते, दुसरी मोलकरणीपाशी, आणि कानाला दोन्ही एकाच सुरात लागतात. तुकोबांनी हे मुद्दाम केलं की त्यांच्या हातून सहज झालं, कोण सांगणार? पण एकदा ऐकलं की विसरता येत नाही.

हे सांगणारा माणूस घरादाराचं सुख न पाहिलेला बैरागी नव्हता. देहूच्या त्या घरात महाजनकी होती, दुकानदारी होती, सावकारी होती. देणारे आणि मागणारे, हुकूम करणारे आणि ऐकणारे, दोघेही त्यांनी जवळून पाहिले असणार. मग १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. त्याबद्दल त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे:

दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान ।
स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥

द्रव्य गेलं, त्यामागून मान गेला, आणि घरातलं माणूस अन्न अन्न करत गेलं. त्याच काळात मुलगाही गेला, असं परंपरा सांगते. पुढे आपल्या वाटणीची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, ही कथा तर सगळ्यांना ठाऊक आहे. ‘पुत्र’ हा शब्द अशा माणसाच्या तोंडी येतो तेव्हा तो नुसता दाखला म्हणून आलेला नसतो. मुलासाठी जीव कसा तुटतो ते माहीत असलेला माणूस सांगतोय, की तेवढाच तिकडेही तुटू दे.

हे जमेल का? प्रामाणिकपणे सांगायचं तर मला पूर्ण जमलेलं नाही. मुलगा तो मुलगाच, असं मन म्हणतं, आणि त्यात त्याचं फार चुकतं असंही नाही. तुकोबा मोलकरणीला मुलगी माना, असं सांगत नाहीत. नातं बदलायला सांगत नाहीत. दयेची मापं दोन ठेवू नका, एवढंच म्हणतात. घरात दोन मापं कुठे कुठे आहेत, ते शोधायला मात्र फार लांब जावं लागत नाही. मला माझ्या फोनमध्येच एक सापडलं. नावांच्या यादीत ‘कामवाल्या मावशी २’ असं होतं. म्हणजे आधीची एक होती, ती गेली, तिच्या जागी दुसरा क्रमांक. अकरा वर्षं त्या आमच्या घरी येताहेत, आणि माझ्या फोनला त्यांचं नाव माहीत नव्हतं. त्या रात्री मी ते बदललं. आडनाव माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “का हो वहिनी, कुठे फॉर्म भरायचाय?”

नाव कोणी विचारतं ते फॉर्म भरायलाच, एवढाच त्यांचा आजवरचा अनुभव.

त्यांचा तो वेगळा कपही आता ओट्यावर नाही. बाकीच्या कपांत मिसळला. परवा माझ्या मुलाने त्यातूनच चहा घेतला, त्याला काही माहीतही नव्हतं.

आज रविवार. आपल्यापैकी अनेकांना सुट्टी आहे. हे पान वाचत असताना कदाचित आतल्या खोलीतून भांड्यांचा आवाज येत असेल, किंवा खाली कोणी जिना झाडत असेल.

आजच्या दिवसासाठी

तुमच्या घरी किंवा कामाच्या जागी रोज राबणाऱ्या एका माणसाचं पूर्ण नाव, मुलांची नावं आणि घरी जायला लागणारा वेळ, या तीन गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत का ते आठवून पाहा. नसतील तर विचारा. विचारताना बसून विचारा, आणि त्यांनाही बसायला सांगा.

प्रार्थना

पांडुरंगा, काही फुटलं, सांडलं, हरवलं, उशीर झाला, की माझ्या तोंडून आधी काय निघतं ते मला ऐकू येऊ दे. आधी माणूस विचारण्याची सवय जिभेला लाव. घरात जे माझे म्हणून आहेत आणि जे माझ्यासाठी राबतात, त्या दोघांच्या अंगात ताप सारखाच चढतो, हे माझ्या हाताला कळू दे.