वॉर्डातलं संख्याशास्त्र : प्रथम वर्ष नर्सिंगसाठी शब्दसूची

शब्द अकारविल्हे नाहीत. चार्ट भरताना ज्या क्रमाने अडेल, त्या क्रमाने घेतले आहेत.

चल, म्हणजे व्हेरिएबल : पेशंटगणिक बदलणारी कुठलीही नोंद. नाडी, वजन, रक्तगट. रक्तगटाची सरासरी निघत नाही, हे सांगावं लागू नये. पण फॉर्ममध्ये ए, बी, ओ यांना १, २, ३ असे कोड दिले की कुणीतरी ती काढतंच. पेन स्कोअरचंही जपून. ८ म्हणजे ४ च्या दुप्पट दुखणं नव्हे, फक्त जास्त दुखणं.

सरासरी, म्हणजे मीन : सगळ्या नोंदींची बेरीज भागिले नोंदींची संख्या. पाच पेशंट वॉर्डात अनुक्रमे २, ३, ३, ४ आणि ३८ दिवस राहिले. बेरीज ५०, सरासरी १० दिवस. आता केसपेपर पुन्हा चाळा : १० दिवसांच्या आसपास राहिलेलं कुणीच नाही. एकट्या ३८ ने सरासरी ओढून नेली.

मध्यक, म्हणजे मीडियन : नोंदी चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी. वरच्या यादीत ३. ‘साधारण किती दिवस राहावं लागेल?’ असं नातेवाइकांनी विचारलं, तर हा आकडा जास्त खरा.

बहुलक, म्हणजे मोड : सर्वांत जास्त वेळा आलेली नोंद. इथेही ३.

प्रमाण विचलन, म्हणजे एसडी : नोंदी सरासरीभोवती किती पसरल्या आहेत त्याचं माप. एका पेशंटचं वरचं बीपी तीन वेळा ११८, १२०, १२२ आलं. दुसऱ्याचं ९०, १२०, १५०. दोघांची सरासरी १२० च, पण एसडी पहिल्याची २, दुसऱ्याची ३०. कुणाच्या खाटेकडे आधी धावाल? नुसती सरासरी सांगून हँडओव्हर देऊ नका.

दर, म्हणजे रेट : ‘या महिन्यात ३ पेशंट पडले’ हे वाक्य अर्धवट आहे, त्याला छेद नाही. रोज २० पेशंट, ३० दिवस, म्हणजे ६०० पेशंट-दिवस. ३ भागिले ६००, गुणिले १०००, म्हणजे दर हजार पेशंट-दिवसांमागे ५. आता लहान-मोठ्या वॉर्डांची तुलना करता येईल.

प्रिव्हॅलन्स आणि इन्सिडन्स : परीक्षेत हमखास गोंधळ इथेच. आज राउंडला ३० पैकी ३ जणांना बेडसोअर दिसले : प्रिव्हॅलन्स १० टक्के, जुने-नवे सगळे धरून. इन्सिडन्समध्ये फक्त ठरावीक काळात नव्याने झालेले मोजायचे. आधीपासून बेडसोअर घेऊन भरती झालेला पेशंट त्यात धरायचा नाही. म्हणून भरतीच्या वेळीच पाठ तपासून नोंद करा, नाहीतर तो तुमच्या वॉर्डाच्या खात्यावर चढेल.

अंकओढ : मोजताना शेवटी शून्य लिहायची सवय. रांगेने सगळ्यांचं १२०/८० दिसलं, तर वॉर्ड ठणठणीत आहे असं समजू नका. कफ घेऊन पुन्हा जा.